बाबांच्या मापाचा कुर्ता

लतिकाकाकूंच्या बेसमेंटमध्ये पहिल्यांदा गेलेल्या पुरुषाला वाटायचं, आपण चुकून योगासनांच्या क्लासला आलो. कुर्ता घ्यायला आलेल्या माणसाला काकू रंग विचारायच्या नाहीत, किती पैसे घालणार तेही विचारायच्या नाहीत. चष्म्यावरून बघत एकच प्रश्न यायचा, "बसणार कुठे?"

माणूस गोंधळायचा. "बसणार म्हणजे? लग्न आहे काकू, मित्राचं."

"हो, पण खुर्चीत बसणार की पाटावर? पंगत आहे का टेबलं? वरातीत नाचणार का? घाल बरं मांडी."

मग तो बिचारा, ऑफिसमधून आलेला, कार्पेटवर मांडी घालायचा. मग "हात वर कर", मग "वाक, पायाला हात लाव, मोठ्यांच्या पाया पडायचंय ना?" एवढं झालं की काकू पाण्याच्या पाइपाला टांगलेल्या हँगरांमधून एक सेट काढायच्या आणि म्हणायच्या, "हा ने." दुसरा दाखवा म्हटलं तर दाखवायच्या, पण चेहरा असा करायच्या की माणूस निमूटपणे पहिलाच घेऊन जायचा.

काकू मूळच्या इचलकरंजीच्या. वडिलांचे माग होते, त्यामुळे कापड हातात घेतलं की डोळे मिटूनसुद्धा सांगायच्या, सूत कसलं आहे ते. शहात्तर साली शैलेंद्रकाकांबरोबर लग्न होऊन व्हर्जिनियात आल्या. काका सरकारी इंजिनिअर होते, दोन हजार दोन साली गेले. मुलं लांब. तेव्हापासून काकू दर जानेवारीत भारतात जायच्या आणि परत येताना बॅगा भरून कुर्ते, पायजमे आणि ताग्याचं कापड आणायच्या. हर्नडनमधलं त्यांचं बेसमेंट म्हणजे इथल्या आम्हा सगळ्या मराठी लोकांचं दुकान. घर गरम करायच्या फर्नेसच्या शेजारी शिलाई मशीन, त्याच्या शेजारी कपडे वाळवायचा ड्रायर, आणि ड्रायरवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चिकटवलेला कागद: "सुती कुर्ता इथे टाकाल तर तोंड दाखवू नका."

आता माझं सांगते. मी दीपा, नागपूरची. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम फुकट करते, असं माझा नवरा नरेंद्र म्हणतो. माझं आणि काकूंचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर हसाल. दोन हजार चारच्या गणपतीला नरेंद्रसाठी मला मरून रंगाचा, सोनेरी बुट्ट्यांचा कुर्ता आणि चुडीदार हवा होता. पाइपावर लटकत होता, मला दिसत होता. काकूंनी द्यायला साफ नकार दिला.

"हा मिरवणुकीत ढोल वाजवणार ना? मग हे नाही. ह्या कापडातून वारा जात नाही. आणि हा कुर्ता शर्टासारखा कापलाय, बगलेत कळीचा जादा तुकडा नाही. ढोल उचलला की बगलेत टरकणार. पांढरा सुती ने."

"काकू, पैसे मी देणार आहे."

"पैसे तू देशील गं, पण घाम त्याला येईल."

चार बायकांसमोर! माझं डोकंच फिरलं. मी तशीच तणतणत वर आले, आणि न्यू जर्सीच्या एका दुकानातून तसाच मरून कुर्ता आणला. मिरवणुकीत तो टरकला की नाही, ते मी सांगणार नाही. नरेंद्रने उरलेला वेळ हात अंगाला चिकटवून ढोल वाजवला, एवढंच सांगते.

तर दोन हजार सहामध्ये माझ्या धाकट्या भावाचं, निमिषचं लग्न ठरलं. निमिष पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी राधिका आमच्या इथलीच, तिचे आईवडील तीस वर्षं व्हर्जिनियात. लग्न जूनच्या शेवटच्या शनिवारी, एका फार्मवर, उघड्या मांडवात, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. जूनमध्ये इथे दुपारी साडेबाराला काय होतं, ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको, आणि वर हवेत दमटपणा.

नागपूरहून आईबाबा येणार होते. आणि बाबांचं येणं हीच मोठी गोष्ट होती. बाबांना, म्हणजे गुरुदत्त सरांना, आदल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात खांद्यापर्यंतही वर जाईना आणि बोटांत जोर येईना. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पोरांचे कान पिरगाळलेला हात तो. बाबांनी त्या हाताबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. डाव्या हाताने जेवायला शिकले, डाव्या हाताने सही शिकले. बुशशर्ट स्वतःचा स्वतः घालायचे, दार लावून, कितीही वेळ लागो. आईने मदत करायला हात पुढे केला की म्हणायचे, "मी अजून मेलो नाही."

मी ठरवलं, आपल्याकडच्या नऊ पुरुषांना एकसारखे कुर्ते. क्रीम रंग, सिल्क, उभ्या पट्टीचा स्टँडचा गळा. फोटोत कसे दिसतील! लतिकाकाकूंकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता, नाक वर होतं ना माझं. नागपूरच्या एका दुकानाला मेल केली. त्यांनी लिहिलं, मापं पाठवा, नाहीतर मापाचा एक नीट बसणारा कुर्ता मोजून पाठवा. आपल्याकडे शिंप्याला जुना कपडा माप म्हणून द्यायची पद्धतच आहे. मी नरेंद्रचा पांढरा कुर्ता कपाटातून काढला, टेप लावली, छाती, खांदा, बाही, लांबी सगळं लिहिलं. बाकीच्यांची मापं त्यावरूनच काढली, हा नरेंद्रपेक्षा जाड, दोन इंच जास्त, तो बारीक, दोन इंच कमी. फक्त बाबांचं माप आईने नागपुरात दुकानात जाऊन त्यांच्या जुन्या कुर्त्यावरून दिलं. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण तेव्हा मला कोण सांगणार?

लग्नाच्या तीन आठवडे आधी आईबाबा आले आणि बॅगेतून नऊ सेट निघाले. दिसायला देखणे होते, खोटं कशाला बोलू. नरेंद्रने घातला. म्हणजे अर्धा घातला. खांद्यावर अडकला, छातीवर असा ताणला की बटणं रागावल्यासारखी बाहेर बघायला लागली, आणि बाही मनगटाच्या चार बोटं वर. त्याचाच कुर्ता मोजला होता, आणि त्यालाच होईना! निमिष फोनवर म्हणाला, "ताई, बाकीच्यांचं माप पण तिथूनच काढलंस ना? मग आम्ही टी-शर्टवर येतो." मी फोन आपटला.

तेवढ्यात बाबा त्यांचा सेट घेऊन वरच्या खोलीत गेले. दार लावलं. आम्ही खाली बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आई जिन्यात जाऊन उभी राहिली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"अहो?"

"येऊ नका कोणी."

आवाज कापडातून आल्यासारखा होता. आईने माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. कुर्ता डोक्यावरून अर्धा उतरलेला, डावा हात एका बाहीत वर ताणलेला, उजवा आत कुठेतरी छातीशी अडकलेला, आणि तोंड कापडाच्या आत. पुढचीही वाट नाही आणि मागचीही. खाली टेबल लॅम्प पडला होता.

"कापून काढ," आतून बाबा म्हणाले.

मी कापलं नाही. हळूहळू ओढून काढला. कुर्ता काढल्यावर त्यांचे केस विस्कटलेले, चेहरा लाल. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी शर्ट-पँट घालीन आणि मागे बसेन. निमिषच्या शेजारी आईबरोबर नरेंद्रराव बसतील."

"बाबा, तुम्ही नवऱ्याचे वडील आहात. मी घालून देते ना तुम्हाला, त्यात काय..."

"नवऱ्याच्या बापाला पोरीने कपडे चढवले आणि मग तो मिरवत आला, हे मला नको. विषय संपला."

आमच्या घरात बाबांनी विषय संपला म्हटलं की तो संपतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं ते काम. मी खाली आले आणि किचनमध्ये उभी राहून रडले. चिडून रडले, स्वतःवरच. गंमत बघा, नऊ कुर्त्यांमध्ये टेपच्या हिशोबाने बरोबर बसणारा एकच होता, बाबांचा. आणि घालता न येणारा माणूसही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊच्या नऊ सेट आणि नरेंद्रचा तो मापाचा कुर्ता पिशवीत भरले आणि लतिकाकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. दोन वर्षांनी. काकूंनी दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"आधी चहा घे," त्या म्हणाल्या. "रडायचं असेल तर चहा झाल्यावर."

खाली गेल्यावर त्यांनी एक कुर्ता उलटा केला, आतल्या शिवणीच्या कडेला कापडाचा एक धागा ओढला आणि काडी पेटवून त्याला लावली. धागा आक्रसला, टोकाला काळा मणी झाला, प्लास्टिक जळल्याचा वास सुटला.

"सिल्क असतं तर केस जळल्यासारखा वास आला असता, आणि बोटाने दाबलं की राख झाली असती. हे पॉलिएस्टर आहे, बाई. होमाची ठिणगी उडाली तर वितळून कातडीला चिकटेल. होमाशेजारी कोण बसणार आहे?"

"निमिष. आणि बाबा. म्हणजे बाबा बसत नाहीयेत..."

आणि मग मी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकता ऐकता नरेंद्रचा पांढरा कुर्ता हातात घेतला होता. तो उलटा केला, कॉलरची पट्टी बघितली, शिवण बघितली. मी बोलायची थांबल्यावर म्हणाल्या, "हा माझ्याकडचाच."

"हो. तो मरूनवाला टरकला... म्हणजे त्या गणपतीनंतर नरेंद्र गुपचूप घेऊन गेला होता तुमच्याकडून."

"माहितेय. बेचाळीस छातीच्या माणसाला म्हणून दिला होता. आता बघ." त्यांनी टेप लावली. कुर्ता छातीत जवळजवळ चार इंच आटला होता, लांबीत तीन. काकूंनी हळूच मान वळवून ड्रायरकडे पाहिलं, ड्रायरवरच्या कागदाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"किती वेळा?"

"दोन वर्षं," मी म्हणाले. "टॉवेलांबरोबर."

"आणि ह्याचं माप काढून नागपूरला आठ कुर्ते शिवायला टाकलेस! अगं, तो नरेंद्र हल्ली हा घालत का नाही, हे तरी विचारायचंस." आणि काकू हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार? दोन वर्षांचा अबोला त्या हसण्यात गेला. बाकी आठ जणांचं त्यांनी पाच मिनिटांत मिटवलं. "सगळे एकसारखे कशाला? बँडपार्टी आहे का? एकेकाला पाठव माझ्याकडे. निमिषचं माप फोनवर मी स्वतः घेते, तू मध्ये पडू नकोस. उघड्यावर दुपारी आहे, तर कॉटन-सिल्क किंवा लिनन. पांढरा, मोतिया, फिका पिवळा. घाम दिसतो तो राखाडीवर आणि आकाशीवर, ते नको." मग टेप गुंडाळत म्हणाल्या, "सरांकडे मी संध्याकाळी येते. त्यांना सांगू नकोस कशाला ते."

आल्या. आईबरोबर गप्पा मारल्या, नागपूर विरुद्ध इचलकरंजी असं उन्हाळ्यावर भांडण झालं. मग सरळ बाबांना म्हणाल्या, "सर, मला एक प्रमेय सुटत नाहीये. तुम्ही बुशशर्ट एका हाताने घालता म्हणे. कसा घालता?"

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, आता बाबा उठून जाणार.

"मला माप नको," काकू म्हणाल्या. "बघायचंही नाही. ही बघा, मी पाठ करून बसते. तुम्ही शर्ट काढून परत घाला आणि पायरी पायरीने सांगा. मी लिहून घेते." आणि खरंच खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर वही घेऊन बसल्या. आम्हाला हाताने बाहेर जायला सांगितलं.

आम्ही बाहेर दाराशी उभ्या राहून ऐकत होतो. मग बाबांचा आवाज आला. घसा खाकरून, फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा.

"पहिली पायरी. शर्ट मांडीवर उलटा पसरायचा, कॉलर गुडघ्यांकडे. दुसरी. आधी आजारी हात. चांगला हात आधी घातला की गेलंच सगळं. डाव्या हाताने बाही उजव्या हातावर चढवायची, पार खांद्यापर्यंत. इथे बाही अरुंद असेल तर कोपरावर अडकते. लिहिलंत?"

"लिहिलं. कोपर."

"तिसरी. कॉलर धरून मागून फिरवायची. इथे कापड खरबरीत असेल तर पाठीवर सरकत नाही. चौथी, डावा हात. हे सोपं. पाचवी, बटणं. काज लहान असेल तर..." बाबा थांबले. "तर अर्धा तास जातो, बाई."

"तुमची सगळी बटणं एकट्याने?"

"वरचं सोडून."

मागच्या वर्षभरात बाबांनी आम्हाला कुणाला हे सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. आम्ही फक्त मदत करायला धावत होतो. आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

रविवारी दुपारी मी काकूंच्या बेसमेंटमध्ये बसले. मदतीला म्हणून, पण त्यांनी मला फक्त टाके उसवायला दिले. मोतिया रंगाचं कॉटन-सिल्क त्यांनी आधी भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून ठेवलं होतं. "आटायचं ते कापायच्या आधी आटू दे," एवढंच म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

कुर्ता त्यांनी पुढून वरपासून खालपर्यंत उघडा ठेवला. वर एक रुंद पट्टी, तिच्यावर दिसायला पाच बटणं, नुसती शिवलेली. खरी बंद व्हायची सोय आतून, मोठी टिचबटणं. बाही जोडतात तो मुंढा दोन बोटं खाली उतरवला आणि बगलेत चौकोनी कळी घातली, जुन्या कुर्त्यांना असायची तशी. उजव्या बाहीला आतून गुळगुळीत अस्तर, हात सरकावा म्हणून. पायजमा सरळ पायाचा, खाली पायाची मोरी मोठी, टाचेला अडणार नाही अशी. "चुडीदार घालायला दोन हात आणि एक शिवी लागते," काकू म्हणाल्या. नेफ्यात नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घातलं, आणि आसन चांगलं ढिलं ठेवलं, कारण पाटावर दीड तास बसायचं होतं.

मशीन थांबवून त्या सुईत दोरा ओवत होत्या. मी विचारलं, "काकू, हे तुम्ही आधी कोणासाठी केलं होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणासाठीच नाही."

दोरा ओवला गेला नाही. त्यांनी सुई टेबलावर ठेवली.

"शैलेंद्रला पार्किन्सन्स होता, तुला माहितेय. शेवटची तीन वर्षं गणपतीला तो मंडळात आलाच नाही. लोकांना वाटायचं, तब्येत. तब्येत कसली? कुर्ता मी घालून द्यायचे. घाईघाईने. आरतीला उशीर होतोय म्हणून डोक्यावरून खसकन ओढायचे, हात कसाही पिळून बाहीत घालायचे. लहान पोराला घालतात तसा. एका वर्षी तो म्हणाला, तू जा, मला नाही यायचं. मी चिडले. एकटी गेले, आणि सगळ्यांना प्रसाद वाटून आले." काकूंनी चष्मा काढून पुसला. "मागाच्या घरची मुलगी मी. एवढं कापड घरात होतं, मशीन इथेच होतं. पुढून उघडला असता तर त्याने घातला असता गं स्वतः. मला सुचलंच नाही. तो गेल्यावर सुचलं. तेव्हापासून येईल त्याला विचारते, कुठे बसणार, हात वर जातो का. लोक हसतात, हसू देत."

मीही त्या हसणाऱ्यांतलीच होते. मी सुई उचलून दोरा ओवला आणि त्यांच्या हातात दिली.

पहिल्यांदा कुर्ता जमला नाही, हेही सांगायला हवं. बाबा खोलीत गेले, वीस मिनिटांनी बुशशर्टातच बाहेर आले. चेहरा पडलेला. काकूंनी मात्र वही उघडली.

"कितवी पायरी?"

"पाचवी," बाबा म्हणाले. "वरचं टिचबटण लागत नाही. गळ्यापाशी दाबलं की गळा आत जातो. पोटापाशीही तेच. छातीवरची तीन लागतात."

काकूंनी कपाळावर हात मारला. "खरंच की! मागे हाड हवं. दाबायला आधार नको का? सर, हे माझ्या डोक्यात आलं नसतं." कुर्ता परत गेला. स्टँडचा गळा जाऊन साधा गोल गळा आला, छातीच्या हाडाला सुरुवात होते तिथपर्यंत उतरलेला. तीन टिचबटणं छातीवर राहिली, पोटापाशी पँटला असतो तसा चपटा हूक आला, बोटाने सरकवला की बसणारा, आणि खाली एकावर एक येणारा पल्ला एवढा रुंद की न लावताच झाकून राहील. पुढच्या वेळी बाबा खोलीतून कुर्ता घालून आले नाहीत. आतूनच म्हणाले, "जमतंय. लग्नाच्या दिवशी बघा."

"म्हणजे पाटावर तुम्ही बसणार?" आईने दाराला तोंड लावून विचारलं.

"कपडे घालता आले तर. नाहीतर नरेंद्ररावांना तयार ठेवा."

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही फार्मजवळच्या हॉटेलात होतो. साडेदहाला निघायचं होतं. दहाला बाबांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आई, मी आणि लतिकाकाकू. नरेंद्र फिक्या पिवळ्या लिननमध्ये लिफ्टपाशी, तयार ठेवलेला. तो दिसतही छान होता, पण मी मनात म्हणत होते, देवा, ह्याला आज पाटावर बसू देऊ नकोस.

सव्वादहा झाले. दहा वीस. आत काहीच आवाज नाही. आईने दोनदा कडीकडे हात नेला, काकूंनी दोनदा तो धरला.

"उशीर होईल हो."

"होऊ दे," काकू म्हणाल्या. "मुहूर्त थांबतो. मी एकदा घाई केलेली आहे."

दहा अठ्ठावीसला दार उघडलं. बाबा दारात उभे होते. मोतिया कुर्ता, खांद्यावर बरोबर बसलेला, गुडघ्यापर्यंत सरळ पडलेला, पांढरा पायजमा टाचेला टेकलेला. केस ओले करून विंचरलेले. घामाघूम झाले होते, पण ताठ उभे होते, शाळेत झेंडावंदनाला उभे राहायचे तसे. त्यांनी आमच्या तिघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला. मुलाच्या बापाने उशीर करू नये."

आणि मला दिसलं. मला दिसणारच, त्याचाच पगार मिळतो मला. छातीवरचं मधलं टिचबटण लागलं नव्हतं. पट्टी तिथे जराशी फुगली होती, आतला गंजी दिसत होता. एक सेकंदाचं काम. माझा हात आपोआप पुढे गेला.

काकूंनी माझं मनगट पकडलं. जोरात. त्यांचे डोळे भरलेले होते, पण पकड अशी की बांगडी रुतली. मी हात खाली घेतला.

बाबा आईबरोबर पाटावर बसले, निमिषच्या शेजारी, मांडी घालून, दीड तास. अक्षता त्यांनी डाव्या हाताने टाकल्या. पण राधिका पाया पडली तेव्हा बाबांनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत गेला नाही, नेहमीसारखा अर्ध्यातच थांबला. तिचं डोकं तिथेच होतं. हात तिच्या डोक्यावर टेकला, आणि बाही कुठेही ओढली गेली नाही. लतिकाकाकू तिसऱ्या रांगेत बसून सगळं बघत होत्या, आणि उघडपणे, नाक पुसत रडत होत्या.

महिन्याने फोटो आले. फोटोग्राफरने फोन केला होता, छान मुलगा होता तो. म्हणाला, नवऱ्यामुलाच्या वडिलांचा शर्ट पुढे जरा उघडा दिसतोय, जवळजवळ सगळ्या फोटोंत, मी कॉम्प्युटरवर बंद करून देऊ का? पैसे नाही घेणार.

मी त्याला म्हटलं, हात लावू नकोस.